सेलेनियमची मागणी वाढतेय की ओसरतेय? जाहिराती मोजून आलेख कसा काढायचा

मॅन्युअल टेस्टिंगमध्ये चार वर्षं काढल्यावर मी ऑटोमेशनकडे, म्हणजे सॉफ्टवेअरच्या चाचण्या आपोआप चालवणाऱ्या सेलेनियम, प्लेराइटसारख्या साधनांकडे, वळायचं ठरवलं, तेव्हा जो भेटेल तो वेगळंच सांगत होता. क्लासवाले म्हणत, "सेलेनियमच शिका, सगळीकडे तेच लागतं." टीममधला एक जण म्हणाला, "सेलेनियम संपलं, आता प्लेराइट." दोघांकडेही मोजलेलं काहीच नव्हतं. म्हणून मी दर आठवड्याला पुण्यातल्या जाहिराती मोजायला लागले. पहिले तीन महिने चुकीचं मोजलं आणि ते सगळे आकडे टाकून द्यावे लागले. तुमचे तीन महिने वाया जाऊ नयेत म्हणून पूर्ण पद्धत इथे लिहिते आहे.

उदाहरण सेलेनियमचंच घेतलंय. ते 2004 मध्ये थॉटवर्क्समध्ये सुरू झालं आणि अजूनही टेस्टिंगच्या जाहिरातींत सर्रास दिसतं. प्लेराइट मायक्रोसॉफ्टने 2020 मध्ये आणलं. जुनं रुळलेलं आणि नवं येणारं अशी ही जोडी असल्यामुळे मोजणीतले जवळजवळ सगळे खड्डे इथे भेटतात. पुढे हिशेबात आलेले आकडे पद्धत समजावी म्हणून धरलेले, गोल केलेले आहेत. ते बाजाराचे आकडे म्हणून कुठे वापरू नका.

काय काय लागेल

- एकच जॉब पोर्टल. नोकरी डॉट कॉम, लिंक्डइन, इनडीड यांपैकी कुठलंही चालेल, पण शेवटपर्यंत तेच ठेवायचं.
- गूगल शीट किंवा एक्सेल.
- ब्राउझरची इनकॉग्निटो खिडकी.
- आठवड्यातून 40 ते 45 मिनिटं, ठरलेल्या दिवशी. त्यातली 10 मिनिटं मोजायला आणि उरलेली जाहिराती वाचायला.
- किमान सहा महिने धीर. आधीच्या महिन्यांचे आकडे पोर्टल दाखवत नाही, त्यामुळे आज सुरुवात केली तर आजपासूनचाच आलेख मिळेल.

आकडे हातानेच टिपा. बहुतेक पोर्टलच्या नियमांत स्क्रिप्ट लावून माहिती खेचायला मनाई असते आणि खातं बंद होऊ शकतं. आठवड्याला चार आकडे उतरवायला स्क्रिप्टची गरजही नाही.

1. आधी प्रश्न नेमका करा

"सेलेनियमला मागणी आहे का?" हा प्रश्न मोजता येत नाही. मोजता येईल असा प्रश्न असा: "पुण्यात, 3 ते 6 वर्षं अनुभवाच्या टेस्टिंगच्या नव्या जाहिरातींपैकी किती टक्क्यांत सेलेनियम लागतं आणि तो टक्का सहा महिन्यांत कुठे जातोय?"

यात शहर, अनुभव आणि क्षेत्र तिन्ही पक्के झाले. अनुभवाचं बंधन सोडू नका. फ्रेशरच्या जाहिराती आणि आठ वर्षांच्या लीडच्या जाहिराती एकाच ढिगात टाकल्या तर एकीकडची वाढ दुसरीकडची घट झाकते आणि रेघ सपाट दिसते. तुम्ही स्वतः ज्या पायरीवर आहात तीच पायरी मोजा.

पुण्यात आकडे पुरेसे मोठे येतात. नाशिक, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगरसाठी मोजत असाल तर आठवड्याला पाच-सात जाहिरातीच हाती लागतील आणि त्यावरून काहीच सांगता येणार नाही. तिथे महिन्याचा आकडा घ्या किंवा आजूबाजूची शहरं जोडून घ्या.

2. चालू जाहिराती नकोत, नव्या मोजा

माझे पहिले तीन महिने गेले ते इथे. मी शोधपेटीत `selenium` टाकायचे, वर दिसणारा एकूण आकडा लिहायचे आणि तो चढला की खूश व्हायचे. तो आकडा पोर्टलवर त्या क्षणी उघड्या असलेल्या सगळ्या जाहिरातींचा असतो. त्यात काल आलेली जाहिरात असते आणि दीड महिन्यापूर्वी भरून गेलेली, पण कुणी काढायची तसदी न घेतलेलीही असते. टाकीतल्या पाण्याच्या पातळीवरून नळाला किती पाणी येतंय ते कळत नाही, तसंच हे आहे. कंपन्यांनी भरती मंदावली तर पदं भरायला वेळ लागतो, जाहिराती जास्त दिवस उघड्या राहतात आणि एकूण आकडा उलट फुगू शकतो.

आपल्याला नळ मोजायचाय. त्यासाठी तारखेची गाळणी लावा. नोकरीवर `Last 7 days`, लिंक्डइनवर `Past week`. दर मंगळवारी सकाळी, साधारण एकाच वेळी मोजा. सात दिवसांची गाळणी आणि सात दिवसांचं अंतर ठेवलं की एक आठवडा संपतो तिथे दुसरा सुरू होतो. तीस दिवसांची गाळणी लावून दर आठवड्याला मोजलंत तर तीच जाहिरात चार वेळा मोजली जाईल आणि बाजारातला बदल आलेखावर उशिरा दिसेल.

एखादा मंगळवार चुकला तर रकाना रिकामा सोडा. पंधरा दिवसांचा आकडा घेऊन तो निम्मा करून भरण्याचा मोह होतो, पण तो आकडा बाकीच्यांच्या जातीचा नसतो.

मोजताना लॉगआउट होऊन इनकॉग्निटो खिडकीतच मोजा. लॉगइन असताना पोर्टल तुमच्या प्रोफाइलप्रमाणे निकाल बदलू शकतं. शिवाय आधी लावलेली गाळणी तशीच राहून जाते. एकदा माझ्याकडून "वर्क फ्रॉम होम"ची खूण तशीच राहिली होती आणि दोन आठवडे मी निम्म्याहून कमी आकडा लिहीत होते. तेव्हापासून मोजून झालं की स्क्रीनशॉट काढते, गाळण्या दिसतील असा.

3. दर मंगळवारी चार आकडे

एकट्या सेलेनियमच्या आकड्याला अर्थ नाही. त्याच्या शेजारी आणखी तीन लागतात. सगळ्यांना शहर, अनुभव आणि तारखेची गाळणी तीच.

पहिला `selenium`. दुसरा `software testing`, म्हणजे क्षेत्राचा एकूण आकडा. भागाकारात हा खाली जाईल. तिसरा `playwright`, म्हणजे प्रतिस्पर्धी. चौथा `sql`, म्हणजे साक्षीदार. एसक्यूएल निवडायचं कारण असं की ते टेस्टिंगपुरतं नाही, अनेक कामांत लागतं आणि त्याची मागणी एका आठवड्यात दुप्पट-तिप्पट होत नाही. एखाद्या मंगळवारी, सणासुदीचं कारण नसताना, चारही आकडे एकदम 40 टक्क्यांनी उडाले तर बहुधा बाजार बदललेला नाही, पोर्टलने शोधाची पद्धत बदललीय. असं अधूनमधून होऊ शकतं. तशी खूण दिसली की शेऱ्यात लिहा आणि आधीची व नंतरची रेघ जोडू नका.

शब्द एकदा ठरले की बदलायचे नाहीत, मात्र नावं बदलतात याचं भान ठेवा. क्यूटीपी नावाचं जुनं टेस्टिंगचं साधन पुढे यूएफटी झालं. ज्याने फक्त `qtp` मोजलं असतं त्याला साधन वेगाने मरताना दिसलं असतं. प्रत्यक्षात निदान काही जाहिराती नव्या नावाखाली गेल्या होत्या. तुमच्या कौशल्याचं असं दुसरं नाव असेल तर पहिल्याच दिवसापासून दोन्ही वेगळे मोजा.

4. शीट मांडा

रकाने असे: A तारीख, B सेलेनियम, C एकूण टेस्टिंग, D प्लेराइट, E एसक्यूएल, F शेरा, G हिस्सा, H निर्देशांक. पहिल्या ओळीत नावं, दुसऱ्या ओळीपासून आकडे. चार आठवडे भरले की पाचव्या ओळीत G आणि H मध्ये ही सूत्रं टाका आणि खाली ओढा:

```
G5:  =100*SUM(B2:B5)/SUM(C2:C5)
H5:  =100*G5/G$5
```

G म्हणजे मागच्या चार आठवड्यांत टेस्टिंगच्या दर शंभर जाहिरातींत सेलेनियमच्या किती. दर आठवड्याची टक्केवारी काढून तिची सरासरी घेऊ नका. आधी बेरीज, मग भागाकार. नाहीतर सुट्टीच्या आठवड्यातल्या मूठभर जाहिरातींना भरगच्च आठवड्याइतकंच वजन मिळतं. H म्हणजे सुरुवातीचा हिस्सा 100 धरला तर आज तो किती. प्लेराइटसाठी असेच दोन रकाने शेजारी करा म्हणजे दोन्ही रेघा एकाच जागेवरून निघतील.

चार आठवडे एकत्र करायचं कारण आकड्यांची नैसर्गिक थरथर. आठवड्याला 100 जाहिराती येत असतील तर बाजार तसूभर न हलताही 90 किंवा 110 येणारच. प्रत्यक्षात थरथर याहून जास्त असते, कारण एखादी कन्सल्टन्सी एका दिवशी पंधरा जाहिराती एकदम टाकते.

5. वीस जाहिराती उघडून वाचा

बहुतेक जण ही पायरी गाळतात. मला विचाराल तर सगळा जीव इथेच आहे. पोर्टलचा आकडा सांगतो की `selenium` शोधल्यावर इतक्या जाहिराती आल्या. त्यांना खरंच सेलेनियम हवंय का, हे तो सांगत नाही.

दर मंगळवारी सेलेनियमच्या निकालांतल्या 20 जाहिराती उघडा. पहिल्या वीस घेऊ नका, वर पैसे भरून टाकलेल्या असतात. निकाल 200 असतील तर दर दहावी घ्या. `Ctrl+F` करून `selenium` शोधा आणि प्रत्येकीला चारपैकी एक खूण द्या:

मुख्य: सेलेनियम आल्याशिवाय काम होणार नाही. "सेलेनियम वेबड्रायव्हर विथ जावा, किमान 3 वर्षं" असं स्पष्ट लिहिलेलं असतं.

पर्यायी: "सेलेनियम / प्लेराइट / सायप्रेस यांपैकी एक."

नावापुरतं: काम मॅन्युअलच आहे, शेवटी "सेलेनियम माहीत असल्यास प्राधान्य".

नाहीच: शब्दच सापडत नाही. पोर्टलने "ऑटोमेशन"वरून जवळपासचं म्हणून दाखवलेली.

सोबत कंपनी, पद आणि अनुभव लिहून ठेवा. तीच जाहिरात तीन आठवड्यांनी पुन्हा "नवी" म्हणून आली तर ओळखता येते. रिक्रूटर जुनी जाहिरात ताजी करतात तेव्हा तिची तारीख नवी होते. एकाच क्लायंटचं एकच पद चार कन्सल्टन्सीही टाकतात. चौघांच्या कामाच्या वर्णनातली वाक्यं शब्दशः सारखी असतात, त्यावरून कळतं. वीसपैकी किती पुनरुक्त ते दर वेळी लिहा. हा आकडा स्थिर असेल तर काळजी नाही, कारण आपण बदल बघतोय. तो 3 वरून 9 वर गेला तर मात्र "वाढलेल्या" जाहिरातींवर विश्वास ठेवू नका.

एका आठवड्याच्या वीसवरून निष्कर्ष काढायचा नाही. वीसपैकी 9 मुख्य निघाल्या, म्हणजे 45 टक्के, तर खरं प्रमाण त्याच्या 22 टक्के वर-खाली कुठेही असू शकतं. चार आठवड्यांच्या 80 जाहिराती एकत्र केल्या की हे अंतर सुमारे 11 पर्यंत येतं.

6. आता आलेख वाचा

ऑगस्टमध्ये सुरुवात केली असं धरू. पहिल्या चार आठवड्यांत टेस्टिंगच्या एकूण 2800 जाहिराती, त्यांत सेलेनियमच्या 840. हिस्सा 30 टक्के, निर्देशांक 100.

मग दिवाळीचा आठवडा येतो. रिक्रूटर सुट्टीवर, अप्रूव्हल अडकलेली. एरवी आठवड्याला 210 च्या आसपास असणारा सेलेनियमचा आकडा 96 वर. नुसता आकडा आलेखावर टाकला असता तर रेघ कड्यावरून कोसळल्यासारखी दिसली असती. पण त्याच आठवड्यात टेस्टिंगच्या एकूण जाहिरातीही 700 वरून 320 वर आल्या. 320 पैकी 96, म्हणजे हिस्सा तोच, 30 टक्के. सेलेनियमचं काहीच बिघडलेलं नाही, फक्त दिवाळी होती. डिसेंबरचा शेवटचा आठवडाही असाच मंद जातो. हिस्सा काढल्यामुळे सणवार आणि आर्थिक वर्षाचे चढउतार बऱ्याच अंशी आपोआप छाटले जातात, आणि सहा महिन्यांच्या आकड्यांत ते छाटायचा दुसरा सोपा मार्ग नाही.

सहाव्या महिन्याचे चार आठवडे: टेस्टिंगच्या एकूण 3200, सेलेनियमच्या 800. आकडा 840 वरून 800, जेमतेम 5 टक्के घट. क्लासवाले म्हणतील, "बघा, काही फरक नाही." पण हिस्सा 25 टक्क्यांवर आलाय, निर्देशांक 83. बाजार वाढला आणि त्या वाढीत सेलेनियमचा वाटा आला नाही. प्लेराइट याच काळात 280 वरून 576 वर, म्हणजे 10 टक्क्यांवरून 18 वर.

आता वाचलेल्या 80 जाहिराती काढा.

| खूण | पहिला महिना | सहावा महिना |
|---|---|---|
| मुख्य | 36 | 24 |
| पर्यायी | 24 | 38 |
| नावापुरतं | 12 | 12 |
| नाहीच | 8 | 6 |

मुख्य 45 टक्क्यांवरून 30 वर आलं. हे हिश्शाशी गुणा. पहिल्या महिन्यात टेस्टिंगच्या दर शंभर जाहिरातींत 30 सेलेनियमच्या आणि त्यांच्या 45 टक्के मुख्य, म्हणजे साडेतेरा. सहाव्या महिन्यात 25 चे 30 टक्के, म्हणजे साडेसात. पोर्टलचा आकडा 5 टक्के घट दाखवत होता, तर जिथे सेलेनियमशिवाय चालत नाही अशा कामांचं प्रमाण जवळजवळ निम्मं झालेलं दिसतं.

इथे थांबून स्वतःला एक प्रश्न विचारा: हा फरक थरथरीतलाच नाही ना? 80-80 च्या दोन नमुन्यांत साधारण 15 टक्क्यांचा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो. आपला फरक बरोबर 15 आहे, म्हणजे काठावर. म्हणून मी यावरून "ओसरतंय" असं लगेच म्हणणार नाही. सातव्या महिन्याच्या 80 वाचेन आणि मुख्य पुन्हा 30 च्या आसपास आलं तर म्हणेन.

दुसरी नजर "पर्यायी"वर टाका. ती 24 वरून 38 वर गेलीय. कंपन्यांनी सेलेनियम काढून टाकलं असा याचा अर्थ नाही. जुने हजारो टेस्ट केस सेलेनियममध्ये आहेत, ते चालवायला माणूस लागतो आणि नवं काम प्लेराइटमध्ये सुरू होतं. अशा जागी दोन्ही थोडं थोडं येणारा माणूस एकच एक येणाऱ्याच्या पुढे जातो. एकट्या सेलेनियमची रेघ बघून हे कधीच कळलं नसतं.

7. निर्णयाची अट आधीच लिहून ठेवा

शीटच्या पहिल्या ओळीतल्या रिकाम्या रकान्यात, पहिल्याच आठवड्यात, तारखेसह लिहा: "मुख्य जाहिरातींचं दर शंभरी प्रमाण सलग तीन महिने घसरलं आणि एकूण घट चौथाईपेक्षा जास्त झाली, तर ओसरतंय असं मानेन." आकडे तुमच्या सोयीचे ठेवा, पण आधी ठेवा. क्लासची पंचवीस हजारांची फी भरून झाल्यावर आलेख बघितला की प्रत्येक चढ खरा आणि प्रत्येक उतार तात्पुरता वाटायला लागतो. माझ्या मैत्रिणीचं तसंच झालं.

आलेख काढताना उभा अक्ष शून्यापासून सुरू करा. गूगल शीट कधीकधी अक्ष 24 ते 31 असा घेतं आणि पाच टक्क्यांचा उतार दरीसारखा दिसतो. `Customize` मध्ये `Vertical axis` खाली `Min` ला 0 टाका.

8. या आलेखात काय येत नाही

रेफरलने भरली जाणारी पदं पोर्टलवर येतच नाहीत. मोठ्या सर्व्हिस कंपन्या बेंचवरच्या, म्हणजे हाती काम नसलेल्या, माणसाला प्रोजेक्टवर टाकतात, तेही येत नाही. एका जाहिरातीत एक जागा असते की चाळीस, हे मोजणीत कळत नाही. "ओपनिंग्ज"चा आकडा लिहिलेला असेल तर तो वाचलेल्या जाहिरातींच्या शेऱ्यात टिपून ठेवा. आणि जाहिराती ही फक्त मागणीची बाजू. एका जागेला किती जण अर्ज करतात ही दुसरी बाजू. नोकरी डॉट कॉमवर जाहिरातीत अर्जदारांचा आकडा दिसतो. वीस जाहिराती वाचताना तोही उतरवून घेतलात तर सहा महिन्यांनी मुख्य आणि पर्यायी जाहिरातींवरची गर्दी वेगवेगळी बघता येते. मात्र तो आकडा जाहिरात किती दिवसांची आहे त्यावर अवलंबून असतो, म्हणून एकाच वयाच्या, समजा चार दिवस जुन्या, जाहिरातींचीच तुलना करा.